"पोरगी सगळी मॅच नुसती बसूनच होती" : खो-खोच्या पालकांच्या या तक्रारीला उत्तर कसं द्यायचं

दर सीझनला हा मेसेज येतोच. शालेय स्पर्धा सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात एक, जिल्ह्याची टीम लागली की दोन-तीन, आणि शक्यतो रात्री दहानंतर, कारण जेवणं उरकून आईबाबा दिवसभराचं बोलायला बसतात तेव्हाच विषय निघतो. नवीन कोच मंडळी मला विचारतात की सर याला उत्तर काय द्यायचं, काहीजण तर उत्तरच देत नाहीत, निळी टिक झाली की संपलं, आणि मग तोच पालक पुढच्या मॅचला ग्राउंडच्या कडेला उभा राहून आपली टीम लावायला लागतो. म्हणून मी काय करतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. क्रिकेट-फुटबॉलवाल्यांना यातलं थोडंफार उपयोगी पडेल, पण खो-खोमध्ये या तक्रारीचं कारणच जरा वेगळं असतं, ते आधी समजून घ्या.

मेसेज साधारण असा असतो (हा चौदा वर्षांखालच्या मुलींच्या टीममधल्या एका आईचा, नावगाव काढून टाकलंय) : "सर आज आम्ही दोघंही सुट्टी टाकून मॅच बघायला आलो होतो. पोरगी सगळी मॅच नुसती बसूनच होती. पळायला मिळालं ते कसंबसं मिनिटभर. बाकीच्या मुली तीन-तीन मिनिटं पळतात. फी आम्हीपण तेवढीच भरतो. खेळवायचंच नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

आता गंमत बघा, ही मुलगी पहिल्या नऊमध्ये होती. बदली खेळाडू नव्हती. दोन्ही डाव पूर्ण खेळली. तरी आईला दिसलं ते "बसून होती", आणि त्यात आईचं काही खोटं नाही, कारण आक्रमणात नऊपैकी आठ जणी पाटीवर बसलेल्याच असतात. बघणाऱ्याची नजर जी धावतेय तिच्यामागे जाते. टीव्हीवर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला वर्ल्डकप बघून आलेल्या पालकांचं तर आणखीनच, तिथे सात जणांचा खेळ, वजीर वगैरे, सगळं भराभर. आपल्याकडे शाळेच्या ग्राउंडवर अजून नऊ जणींचा जुना खेळ चालतो आणि त्यात पळायचा वेळ वाटला जातो तुकडीप्रमाणे.

इथे हिशोब करून बघा, कारण हाच हिशोब पुढे पालकांना सांगायचाय. या वयोगटात एक पाळी सात मिनिटांची. मॅचमध्ये आपण दोनदा पळतो म्हणजे संरक्षणाची एकूण चौदा मिनिटं. एका वेळी मैदानात तिघी. म्हणजे अगदी एकही मुलगी बाद झाली नाही असं धरलं तरी बेचाळीस मिनिटं, ती नऊ जणींत वाटली तर प्रत्येकीला 4 मिनिटं 40 सेकंद, आणि एवढं कधीच मिळत नाही, कारण तुकडीतली एक बाद झाली की मैदानात दोघीच उरतात, दुसरी गेली की एकटी, आणि ती तिसरी बाद झाल्याशिवाय पुढची तुकडी येत नाही. त्यामुळे पहिल्या तुकडीतली एक चांगली पळणारी तीन मिनिटं टिकली तर तो वेळ थेट तिसऱ्या तुकडीच्या वाट्यातून जातो. टीम जितकी चांगली पळेल तितकं तिसऱ्या तुकडीला कमी मिळतं. वर नऊच्या नऊ बाद झाल्या तर पुन्हा पहिलीच तुकडी उतरते. पालकांना हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं, त्यांना वाटतं सरांनी मुद्दाम एक मिनिट दिलं.

तर मेसेज आला की मी काय करतो. त्या रात्री फक्त एवढंच, "ताई मेसेज वाचला. उद्या स्कोअरशीट बघून संध्याकाळपर्यंत सविस्तर कळवतो." याच्यापुढे एक शब्द नाही. रात्री साडेदहाला लिहिलेलं स्पष्टीकरण हे स्पष्टीकरण राहत नाही, ते भांडण होतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट सकाळपर्यंत बाकीच्या चार आयांकडे पोचलेला असतो.

मग दुसऱ्या दिवशी कागद काढायचे. खो-खोचं एक बरं आहे, आपल्या स्कोअरशीटवर प्रत्येक पळणारीचा वेळ असतो आणि तिला कोणी बाद केलं तेही असतं, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. या मुलीचं असं होतं. पहिल्या पाळीत आमच्या पहिल्या दोन तुकड्यांनी मिळून 5 मिनिटं 50 सेकंद काढली, तिची तुकडी उतरली तेव्हा शिल्लक होते 1 मिनिट 10 सेकंद, आणि ती 20 सेकंदात बाद, तुकडीतली सगळ्यात पहिली. दुसऱ्या डावात पहिल्या दोन तुकड्या 4 मिनिटं 20 सेकंदात आटोपल्या, म्हणजे तिसरीला जवळपास पावणेतीन मिनिटं होती, त्यात ती 55 सेकंद पळली. एकूण सव्वा मिनिट. आईने "मिनिटभर" लिहिलं होतं ते बरोबरच होतं, हे लक्षात घ्या. पालक वेळ फारसा चुकीचा सांगत नाहीत, त्यामागचं कारण चुकीचं धरतात.

पण स्कोअरशीटमध्ये एक गोष्ट येत नाही, बसलेल्या मुलीने काय केलं ती. कोणाला किती खो मिळाले, कोण आधी उठली, हे तिथे नसतं. त्यासाठी मी बेंचवरच्या एका मुलीच्या हातात वही देतो. पानावर नऊ चौकोन आखायचे, प्रत्येक मुलीचा एक, ज्या मुलीला खो मिळाला तिच्या चौकोनात रेघ, आधी उठून फाऊल झाला तर फुली, गडी बाद केला तर गोल. एवढंच. बदली मुलीला काम पण मिळतं आणि मॅच कशी बघायची ते आपोआप कळतं. या मुलीच्या चौकोनात एकवीस रेघा होत्या, त्यात दोन फुल्या आणि एक गोल. म्हणजे जी "नुसती बसून होती" ती चौदा मिनिटांच्या आक्रमणात एकवीस वेळा उठून धावली होती. आणि हे काम सोपं नाही, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे, खो पाठीमागून मिळणार, हात लागून "खो" ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही, उठताना मध्यपाटी ओलांडायची नाही, आणि एकदा ज्या दिशेला निघाली तिकडेच खांबापर्यंत जायचं. अर्धा सेकंद आधी उठली की फाऊल, मग उलट दिशेला जायला लागतं आणि तेवढ्यात समोरची पळणारी आरामात श्वास घेऊन मोकळी होते.

कागद समोर आले की एक प्रश्न विचारायचा फोनवर, लिहून नाही. "ताई, घरी आल्यावर ती स्वतः काय म्हणाली?" या एका प्रश्नाने नव्वद टक्के वेळा खरी तक्रार कुठली ते कळतं. कधी मुलगी खूश असते आणि त्रास आईबाबांना झालेला असतो, कारण शेजारचे पण मॅच बघायला आले होते. कधी मुलगी खरोखर रडलेली असते, पण वेळ कमी मिळाला म्हणून नाही, तर बाद झाल्यावर टीममधल्या कोणीतरी टोमणा मारला म्हणून, आणि ते प्रकरण मला माहितीच नसतं. आणि कधी मुद्दा निघतो प्रमाणपत्राचा, दहावीच्या क्रीडा गुणांचा, पुढे नोकरीत खेळाडूंचं आरक्षण असतं त्याचा. हा तिसरा प्रकार निघाला तर तोंडी काही सांगून मोकळं व्हायचं नाही, नियम बदलत असतात, सरळ जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यायचं आणि मिळालेलं उत्तर तसंच्या तसं पालकांना पाठवायचं. अशा पालकांना तुम्ही तुकड्यांचा हिशोब कितीही समजावा, त्यांचं समाधान होत नाही, कारण त्यांचा प्रश्न तो नसतोच.

या ताई म्हणाल्या की ती काहीच बोलली नाही, जेवली आणि झोपली, फक्त "मी नेहमी शेवटचीच असते" एवढं म्हणाली. हे वाक्य महत्त्वाचं. म्हणजे मुलीला मिनिटांचं नाही, तुकडीच्या नंबरचं लागलंय. मग त्यावर मी हे उत्तर पाठवलं, पूर्ण देतो, हवं तर उचला आणि आपापले आकडे घाला :

"ताई नमस्कार. कालची शीट बघितली. तुमचं बरोबर आहे, ती दोन्ही डाव मिळून सव्वा मिनिट पळाली, पहिल्यांदा 20 सेकंद आणि नंतर 55. ती तिसऱ्या तुकडीत आहे आणि तिसरी तुकडी पहिल्या दोन्ही बाद झाल्यावरच उतरते, काल पहिल्या पाळीत त्या दोघींनीच पावणेसहा मिनिटांच्या वर काढली त्यामुळे हिला उरलेला वेळच कमी होता. आक्रमणात मात्र ती पूर्ण चौदा मिनिटं होती, एकवीस वेळा खो घेऊन धावली आणि एक गडी बाद केला, वहीचा फोटो सोबत पाठवतोय. तिला तिसऱ्या तुकडीत ठेवायचं कारण स्पष्ट सांगतो. ती एकेरी साखळी छान खेळते पण खांबाजवळ वळताना मागे बघते, तिथे वेग पडतो आणि तिथेच सापडते, काल दोन्ही वेळा तसंच झालं. प्रॅक्टिसला आठवड्यातले दोन दिवस आपण फक्त खांबाच्या वळणावर काम करू. प्रॅक्टिसमध्ये मोठ्या मुलींच्या आक्रमणासमोर ती तीन वेळा एक मिनिट टिकली की पुढच्या फ्रेंडली मॅचला मी तिला दुसऱ्या तुकडीत उतरवीन. स्पर्धेत कुठल्या तुकडीत हे त्यानंतर ठरेल, आत्ता शब्द देत नाही. दर शनिवारी प्रॅक्टिसचे वेळ वहीत लिहितो, तुम्ही कधीही येऊन बघा. तिला हे मी स्वतः आज सांगणार आहे, तुम्ही घरी आधी सांगितलंत तरी चालेल."

यात काय आहे आणि काय नाही ते बघा. आधी त्यांचा आकडा मान्य केलाय, पहिल्याच ओळीत, त्यामुळे पुढचं त्या शांतपणे वाचतात. मग वेळ का कमी पडला ते, मग तिला तिथे का ठेवलं ते, आणि ही दोन कारणं वेगळी आहेत, एकत्र करून सांगितली की पालकाला वाटतं सर फिरवताहेत. खांबाचं वळण हे कारण असं आहे की आई ग्राउंडवर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकते. "अजून अनुभव कमी पडतो", "थोडी मेहनत वाढवायला हवी" असलं लिहिलं असतं तर त्याचा कोणालाच काही उपयोग नाही, मुलगी नेमकं काय करणार घरी जाऊन? आणि पुढची पायरी फ्रेंडली मॅचपर्यंतच ठेवलीय. स्पर्धेत खेळवतो असं लिहून दिलंत की अडकलात, कारण समोरची टीम कोण, त्या दिवशी कोणाचा पाय दुखतोय, ग्राउंड मातीचं की मॅट, काही आपल्या हातात नसतं.

दुसऱ्या मुलीचं नाव यात कुठेही नाही. हे सगळ्यात अवघड, कारण पालक हमखास पुढचा मेसेज तोच टाकतात, याही ताईंनी टाकला, "मग अमकीला पहिल्या तुकडीत कसं, ती पण तर लवकर बाद होते." मी लिहिलं, "ताई तिच्याबद्दल तिच्या आईबाबांशी बोलीन, तुमच्याशी फक्त आपल्या मुलीबद्दल." बस. एकदा का तुम्ही तुलना करायला बसलात की ती शीट, ती वही, सगळं वाया, त्यातला प्रत्येक आकडा मग भांडणाचा पुरावा होतो. वहीचा फोटो पाठवतानाही बाकीचे आठ चौकोन झाकून पाठवा.

आता थोडं कोच लोकांसाठी. कधी कधी तक्रार खरी असते, पूर्णपणे. कसं ओळखायचं तर मागच्या पाच-सहा मॅचच्या शीट शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त तुकड्यांचा क्रम बघा. प्रत्येक मॅचला त्याच तिघी पहिल्या, त्याच तिघी शेवटच्या, असं असेल आणि त्यातल्या चार मॅच तुम्ही एक डावाने जिंकलेल्या असतील तर पालक चुकीचं काय बोलतोय? सोप्या मॅचला सुद्धा क्रम बदलला नाही तर शेवटच्या तिघी कधी शिकणार. आणि उद्या पहिल्या तुकडीतली एक आजारी पडली की मग धावाधाव. बऱ्याच जणांची सवय असते की चांगल्या तिघी आधी उतरवून टाकायच्या म्हणजे समोरच्यांचा दम निघतो. ठीक आहे, फायनलला करा. पण साखळी फेरीत प्रत्येक तुकडीत एक भरवशाची पळणारी ठेवून बघा, तिच्यासोबत दोन कच्च्या. भरवशाची टिकून असते तोवर कच्च्या मुलींना पण थोडा वेळ मिळतो, आक्रमण करणाऱ्यांचं लक्ष विभागतं. पहिल्या डावात ज्या तिसऱ्या होत्या त्यांना दुसऱ्या डावात पहिल्या उतरवणं हाही एक उपाय, स्कोअररकडे पाळी सुरू व्हायच्या आधी क्रम नीट लिहून द्या म्हणजे झालं. वरच्या मॅचमध्ये तिसरी तुकडी दुसऱ्या डावात पहिली उतरली असती तर तिला मागे उरलेला वेळ नाही, पुढचा अख्खा सात मिनिटांचा वेळ मोकळा मिळाला असता. तिथून पुढे किती टिकायचं ते तिच्या हातात, आणि 55 सेकंदातच बाद झाली असती तरी "शेवटचीच असते" हे तरी गेलं असतं.

याला मर्यादा आहे ती पण सांगतो. अटीतटीच्या मॅचला शेवटच्या डावात क्रम उलटा करायचा नाही, तिथे हरलं की बाकी आठ जणींचे पालक मेसेज करणार, आणि त्यांचंही चूक नसणार. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच्या पालक सभेत मी सांगून टाकतो की साखळी सामन्यांत क्रम फिरता राहील, बादफेरीत मी ठरवीन तो. हे आधी सांगितलेलं असलं की निम्मे मेसेज येतच नाहीत. तिथेच बेचाळीस मिनिटांचा हिशोब फळ्यावर मांडून दाखवतो, पाच मिनिटं लागतात, आणि एकदोन बाबा लोक तर चक्क वही काढून लिहून घेतात.

बदली खेळाडूंचं उत्तर मात्र वेगळं द्यावं लागतं, वरचा मेसेज तिथे चालत नाही. टीममध्ये बारा, मैदानात नऊ, म्हणजे तिघी बाहेर बसणारच आणि त्यातल्या एखादीला अख्ख्या मॅचमध्ये शून्य मिनिटं मिळू शकतात. तिथे तुकडीचा हिशोब सांगायला गेलात तर पालक म्हणणार सर माझी तर तुकडीतच नाही. तिथे दोनच गोष्टी सांगायच्या, नऊमध्ये यायला तिला कोणत्या जागेवर दावा करायचाय (आक्रमणात खांबाजवळच्या चौकोनात सूर मारणारी हवीय, की मधल्या चौकोनात झटकन उठणारी, की पळणारी) आणि ती जागा पुन्हा कधी तपासणार, तारीख घालून. माझा अनुभव असा की लहान मुलींसाठी आत शिरायची सोपी वाट बहुतेकदा मधल्या चौकोनाची असते, पळायला वर्ष लागतं पण खो वर अचूक उठायला दोन महिन्यांत शिकवता येतं, फुल्या कमी झाल्या की लगेच वहीत दिसतं. त्या तारखेला विसरू नका मात्र. पालक विसरत नाहीत.

आणि कोणी दर मॅचनंतर मेसेज करायला लागलं, उत्तर देऊनही, तर मग लिहिणं बंद करायचं आणि ग्राउंडवर बोलवायचं, शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर, मुलगी समोर नसताना. शीट आणि वही हातात द्यायची. पुढच्या वेळी बेंचवर बसून चौकोनात रेघा मारायचं काम त्या बाबांनाच द्या, मी दोघांना दिलंय. एकाने दुसऱ्या डावानंतर वही परत केली आणि म्हणाला सर एवढं भराभर कोण बघणार, दुसरा मात्र अजून दर मॅचला वही मागून घेतो आणि त्याच्या रेघा आमच्या पोरींपेक्षा व्यवस्थित असतात.